चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी विचारदोषांचा एक तास: आराखडा करतेय, मतं हवीत

पाटीपेन्सिल
नमस्कार. मी शाळेत भाषा शिकवते आणि वर्गशिक्षिकाही आहे. वर्गात ४२ मुलं, सगळी चौदा-पंधरा वर्षांची. पुढच्या आठवड्यात मला ४० मिनिटांचा एक मोकळा तास मिळतोय. त्यात विचारदोष शिकवायचे आहेत, म्हणजे कॉग्निटिव्ह डिस्टॉर्शन्स, घडलेल्या गोष्टीचा चुकीचा अर्थ लावायच्या मनाच्या सवयी.

गेल्या वर्षी दुसऱ्या तुकडीवर हा प्रयोग केला होता. दहा दोषांचा तक्ता लावला, प्रत्येकाचं एक उदाहरण दिलं, मुलांनी भराभर उतरवून घेतलं. आठवड्याभरात ती नावं एकमेकांवर फेकायला सुरुवात झाली. कुणी काळजी बोलून दाखवली की लगेच, "झालं हिचं कॅटास्ट्रोफायझिंग सुरू." म्हणून या वेळी दोनच घेतेय. एक, छोट्या गोष्टीवरून थेट सर्वनाशापर्यंत जाणं. दुसरा, समोरच्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवून टाकणं.

आराखडा असा आहे. सुरुवातीला फळ्यावर एकच प्रसंग: 'तुम्ही मित्राला किंवा मैत्रिणीला मेसेज पाठवला. समोरच्याने तो वाचला. दोन तास झाले, उत्तर नाही.' मनात आलेलं पहिलं वाक्य प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता. चिठ्ठ्या मी गोळा करून वाचणार आणि फळ्यावर दोन रकाने करणार, 'घडलेलं' आणि 'मनातलं'. प्रत्येक वाक्य कुठे जातं ते वर्गाने सांगायचं. मग दोन दोषांची ओळख, आणि शेवटी त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य लिहायचं.

हे कुठे फसेल? आणि निनावी चिठ्ठ्या ठीक आहेत का?

रानवाट
दोनच घ्यायचा निर्णय पटला. दहाची यादी १९८० च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्स यांनी सामान्य वाचकांसाठी लोकप्रिय केली. त्याआधी १९६३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या बोलण्यातून जे प्रकार टिपले होते ते मोजकेच होते. दहातले निम्मे एकमेकांत मिसळतात, मोठ्यांनाही वेगळे काढता येत नाहीत.

हसरासूर्य
छान उपक्रम! माझ्या मते शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नकारात्मक वाक्य खोडायचं आणि त्यावर सकारात्मक वाक्य लिहायचं. 'तो माझ्यावर चिडलाय' खोडून 'त्याला मी खूप आवडतो'. रोज सकाळी ते मोठ्याने वाचायला सांगा. विचार बदलला की भावना बदलते, हेच तर या शास्त्राचं सार आहे.

दुसरीबाजू
मी बरीच वर्षं शाळांमध्ये समुपदेशक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हसरासूर्य, विचार बदलला की भावना बदलते हे तुमचं बरोबर आहे. पण 'त्याला मी खूप आवडतो' हेसुद्धा न विचारता दुसऱ्याच्या मनातलं ठरवणंच झालं, फक्त आपल्याला सोयीचं. मूल ते लिहितं आणि त्याचा त्यावर विश्वास नसतो. एक सोपी चाचणी आहे. नवं वाक्य लिहून झालं की विचारायचं, 'हे तुला किती खरं वाटतं? शून्य ते शंभर.' उत्तर १० किंवा २० आलं तर ते वाक्य फक्त बाईंना खूश करायला लिहिलेलं आहे. 'त्याने उत्तर का दिलं नाही हे मला अजून माहीत नाही' असं साधं वाक्य बहुतेक मुलं ८०-९० देतात, आणि छातीतली धडधड त्यानेच थोडी उतरते.

पाटीपेन्सिल, तुमच्या दोन रकान्यांत मी एक भर घालेन. 'मनातलं' लिहून झालं की त्याखाली 'हे कसं तपासता येईल?' असा प्रश्न. दोष ओळखणं हा तासाचा अर्धाच भाग. नाव कळलं आणि तपासायचं कसं ते कळलं नाही, की मुलं त्या नावाचं हत्यार करतात. तुमच्या गेल्या वर्षीच्या तुकडीत तेच झालं.

चिठ्ठ्यांबद्दल: चालतील, पण वाटण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा. 'यावर नाव नको. पण कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा कुणी त्रास देत असल्याबद्दल लिहिलं, तर मी ते स्वतःजवळ ठेवणार नाही, मदत मागेन.' हे आधी सांगितलं तरच मुलांशी प्रामाणिक राहता येतं. आणि गोळा केल्या केल्या मोठ्याने वाचू नका. आधी सगळ्या एकदा नजरेखालून घाला.

मुठा_नव्हे_मूठ
प्रश्न आहे. माझा मुलगा याच वयाचा. वाचलेलं सगळं विसरतो, पेपरात काही आठवत नाही. हा विचारदोष कुठल्या प्रकारात येतो?

रानवाट
@मुठा_नव्हे_मूठ, तो विसरण्याचा प्रश्न झाला, इथला विषय वेगळा आहे. पण पेपर हातात आला की नेमकं काय होतं ते त्याला विचारून बघा. 'मी विसरणारच' असं आधीच ठरवून बसत असेल, तर या धाग्यातलं थोडं उपयोगी पडेल.

गणितवेडा
पहिल्या दोषासाठी गणिताची मदत घ्या. सर्वनाश ही एक साखळी असते. समजा पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पुढची पायरी घडण्याची शक्यता निम्मी धरली. निम्म्याचं निम्मं असं पाच वेळा केलं की शंभरात जेमतेम तीन उरतात. मुलांना स्वतः करू द्या, आकडा बघून चकित होतात.

दुसरीबाजू
गणितवेडा, साखळी काढणं मी नेहमी करते. एका मुलाबरोबर केलेली इथे लिहिते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

गणिताच्या चाचणीत ५० पैकी १९ मिळाले. तो म्हणाला, "माझं संपलं." मी म्हटलं, १९ पासून 'संपलं' पर्यंत मधे काय काय होतं ते एकेक लिही. त्याने लिहिलं: वार्षिक परीक्षेत नापास होणार. वर्ष जाणार. मित्र पुढे निघून जाणार, माझ्याशी बोलणार नाहीत. घरी कुणाला तोंड दाखवता येणार नाही. पुढे काहीच होणार नाही.

मग दर दोन ओळींच्या मधे विचारलं, 'वरची घडली, तर खालची घडेलच का? याआधी कधी असं झालंय?' पहिल्या जोडीवरच तो थांबला. आधीच्या वर्षी पहिल्या चाचणीत असेच कमी गुण होते आणि वार्षिकला तो पास झाला होता. हे त्याला माहीत होतं, पण 'संपलं' म्हणताना आठवलं नव्हतं. मित्रांच्या ओळीवर मात्र तो अडला. "हे होईल," म्हणाला. ती ओळ आम्ही खोडली नाही. तिथे दुसरा प्रश्न विचारला: 'असं झालंच, तर तू काय करशील?' त्याने बराच वेळ घेऊन लिहिलं, 'संध्याकाळी खेळायला जाईन, तिथे तरी भेटतील.'

भयंकर वाटण्याचे दोन भाग असतात. हे घडण्याची शक्यता आपण फुगवतो, आणि घडलं तर आपल्याला पेलणारच नाही असं धरून चालतो. गुणाकार पहिल्यावर काम करतो. दुसऱ्यावर फक्त तो प्रश्न काम करतो.

गणितवेडा
मान्य. माझ्याच गुणाकारात एक खोटही आहे. प्रत्येक पायरी निम्मी हे मी हवेत धरलं. ज्याचे तीन विषय आधीच राहिलेत, त्याच्यासाठी पहिली पायरी शंभरात ८० असू शकते. अशा मुलाला 'फक्त तीन टक्के' सांगणं चुकीचं. त्याला अभ्यासाचं नियोजन लागेल.

अनघड
स्वतःचं सांगते. कॉलेजात असताना एका कार्यक्रमात गायले. दुसरं कडवं सुरू झालं आणि दुसऱ्या रांगेतला एक माणूस उठून निघून गेला. मी मनात ठरवलं, मी बेसूर गायले. त्यानंतर लोकांसमोर गायले नाही. आज अकरा वर्षं झाली.

इथे 'तपासता कसं येईल' वाचलं आणि लक्षात आलं, मला हे कधीच तपासता येणार नाही. तो कोण होता तेही माहीत नाही. मग माझ्यासारखीने काय करायचं?

दुसरीबाजू
अनघड, तुम्ही अगदी अवघड जागी बोट ठेवलंत. समोरच्याच्या मनातलं बऱ्याचदा तपासता येतच नाही. म्हणून वर्गात मी मुलांना 'खरं कारण शोधा' असं सांगत नाही. त्या घटनेची जमतील तेवढी कारणं लिहायला सांगते, निदान चार. तुमच्या बाबतीत: त्याला कुठे पोहोचायचं होतं. त्याला फोन आला. त्याला गाणं आवडलं नाही. त्याला बरं वाटत नव्हतं. 'आवडलं नाही' हे कारण यादीत राहतं, त्याला हाकलायचं नाही. फक्त ते चारांतलं एक होतं. मग 'मला माहीत नाही' यावर थांबायचं. मुलांना याचाच सगळ्यात जास्त सराव लागतो, आणि मोठ्यांनाही. न कळणं सोसवत नाही म्हणून आपण वाईट उत्तराने ती जागा भरतो.

गणितवेडा
याच्याशी जुळणारा एक प्रयोग वर्गात सांगण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेला, २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवायचे. मग त्याला विचारायचे, तुझ्या शर्टावर कोण आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज साधारण निम्म्यांचा असायचा. प्रत्यक्षात ते सांगता यायचं साधारण चौथाई लोकांना.

रानवाट
यातलं चौथाई मुलांपासून लपवू नका. 'कुणाचंच लक्ष नसतं' हे खोटं आहे आणि या वयाची मुलं ते लगेच पकडतात. काहींचं लक्ष असतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी जणांचं, एवढंच म्हणा.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर. या दोषांना इंग्रजी नावं कशाला? पहिल्याला आपल्याकडे 'मन चिंती ते वैरी न चिंती' तयारच आहे. वैऱ्यालाही सुचणार नाही ते आपलंच मन आपल्यासाठी चिंततं. दुसऱ्याला 'चोराच्या मनात चांदणं' म्हणावं.

पाटीपेन्सिल
पहिली म्हण फळ्यावर लिहिणारच. दुसरीबद्दल धास्ती वाटते. तिच्यात चोर आहे. मैत्रिणीच्या उत्तराची वाट बघत कासावीस झालेल्या मुलीला मी ती म्हण ऐकवली, तर तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलंय. 'मनकवडेपणा' हा शब्दही वापरून बघितला होता. मुलं गोंधळली, कारण मनकवडा असणं आपल्याकडे कौतुकाचं. आईला न सांगता कळतं तेव्हा आपण हाच शब्द वापरतो.

शब्दवेल्हाळ
चोराचं पटलं, मागे घेतो. मग 'न विचारता निकाल' कसं वाटतं?

अनघड
हे आवडलं. अकरा वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं.

उंबरठा
मला या सगळ्याबद्दल एक हरकत आहे आणि ती शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

मी पंधरा वर्षांचा असताना शाळेत एका मोठ्या माणसाला जाऊन सांगितलं, की वर्गातली मुलं मला टाळतात, माझ्याबद्दल बोलतात. त्यांनी मला समजावलं की हे सगळं माझ्या मनात आहे, मी लोकांचे विचार वाचायला जातो. मी ते ऐकलं. पुढचे चार महिने स्वतःलाच दोष दिला. मग कळलं की मला वगळून एक वेगळा ग्रुप केलेला होता आणि त्यात रोज माझ्यावर लिहिलं जात होतं. माझा अंदाज बरोबर होता. त्या समजावण्यामुळे मी मदत मागणंच बंद केलं.

तुमच्या फळ्यावर दोनच रकाने आहेत, 'घडलेलं' आणि 'मनातलं'. माझं वाक्य तुम्ही कुठे टाकलं असतं?

हसरासूर्य
उंबरठा, वाचून वाईट वाटलं. खरंच.

पाटीपेन्सिल
'मनातलं' मध्येच टाकलं असतं. खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. गेल्या वर्षी तक्ता लावलेल्या तासाला एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण सगळ्यांना मी नकोशीच आहे." मी सगळ्या वर्गासमोर हसून विचारलं, "हा तक्त्यातला कितवा दोष?" वर्ग हसला. ती बसली, आणि नंतर वर्षभर माझ्या तासाला तिने एकदाही हात वर केला नाही. ती खरं सांगत होती का, हे मी शोधलंच नाही. तो तक्ता मी काढून टाकला आणि कारण मुलांच्या गोंधळाचं दिलं. खरं कारण ती होती.

दुसरीबाजू
उंबरठा, तुमची हरकत बरोबर आहे, आणि त्यामुळे तासाचा क्रम बदलायला हवा. 'सगळे मला टाळतात' यात एक घटना आहे आणि एक निष्कर्ष. दोष असेल तर निष्कर्षात असेल, घटनेत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: 'तू काय बघितलंस, काय ऐकलंस? कॅमेऱ्याने टिपलं असतं ते सांग.' 'मी आलो की तीन जण बोलायचे थांबतात. मधल्या सुट्टीत दोनदा मला न सांगता निघून गेले.' हे कॅमेऱ्यात दिसतं. एकदा घडलं असेल तर चार कारणं लिहायला वाव आहे. पुन्हा पुन्हा, त्याच मुलांकडून घडत असेल तर विचार तपासत बसायचं नाही, मोठ्यांनी परिस्थितीत हात घालायचा. तिथे दोष मुलाच्या विचारात नसतो.

ओळखायची एक खूण सांगते. चुकीच्या अंदाजाबद्दल बोलताना मूल 'नेहमी', 'सगळे', 'कधीच' असे शब्द वापरतं आणि प्रसंग विचारला की अडखळतं. खरोखर त्रास होत असेल तर बहुतेकदा वार, जागा, माणसं सांगतं. पण या खुणेवर पूर्ण विसंबू नका. फार सोसलेलं मूलही 'नेहमी' एवढंच म्हणतं, कारण प्रसंग सांगायची त्याला लाज वाटते.

रानवाट
असे वर्गभराचे कार्यक्रम किती उपयोगी पडतात यावरच शंका घेणारं संशोधन अलीकडे आलंय. ब्रिटनमध्ये शाळांतून माइंडफुलनेस शिकवण्याची मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ चे. ११ ते १४ वर्षांच्या मुलांना नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यातून जास्त काही मिळालं नाही. ऑस्ट्रेलियात भावना हाताळण्याच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तर मुलांची चिंता काही काळ थोडी वाढलेली दिसली. सतत स्वतःच्या मनात डोकावायला लावलं की काही मुलं तिथेच अडकतात, असं काही अभ्यासकांना वाटतं. मग हा तास घ्यावाच का?

गणितवेडा
ते कार्यक्रम वेगळे होते आणि आठवडेच्या आठवडे चालले. एका तासाला तो निष्कर्ष लावता येईल का?

रानवाट
लावता येईल असं मी म्हणत नाही. एका तासाने फायदा होईलच असंही म्हणत नाही. निदान आठवडाभर रोज विचारांची नोंद करायला लावू नका.

दुसरीबाजू
रोजच्या नोंदीबद्दल रानवाट यांच्याशी सहमत. माझ्याकडे एकट्याने येणाऱ्या मुलाला मी नोंदवही देते, कारण पुढच्या आठवड्यात ती मी त्याच्याबरोबर वाचते. ४२ वह्या कोण वाचणार? त्याऐवजी एकच भाकीत लिहायला सांगा, तपासता येईल असं आणि तारखेसकट. 'शुक्रवारच्या वाचनात मी अडखळेन आणि वर्ग हसेल.' पाकिटात बंद करून ज्याचं त्याने ठेवायचं, दोन आठवड्यांनी स्वतः उघडायचं. तास घ्यावा की नाही यावर माझंही मत डळमळीत आहे. गेल्या वर्षीसारखा घेऊ नये, एवढं नक्की.

पाटीपेन्सिल
तास झाला. सांगते.

क्रम बदलला. आधी 'कॅमेऱ्याला काय दिसलं' हा रकाना, मग 'मी काय निकाल दिला', मग 'आणखी कोणती कारणं'. दोषांची नावं शेवटच्या दहा मिनिटांत आली. चौथी ओळ फळ्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिली: 'आणि हे खरंच असेल, पुन्हा पुन्हा होत असेल, तर कुणाला सांगायचं?' तिथे मुलांनीच तीन माणसं सुचवली. त्यात मी नव्हते. मनाला लागलं, पण ती तिघं योग्य होती.

चिठ्ठ्या गोळा करून मुलं पुस्तक वाचत असताना आधी चाळल्या. बहुतेक 'चिडला असेल', 'मी काहीतरी चुकीचं लिहिलं', 'मला टाळतेय' अशा. पाच जणांनी नुसतं 'कामात असेल' लिहिलं होतं, म्हणजे सगळ्यांनाच हा दोष असतो हे माझं गृहीतकही चुकलं. साखळीला सगळ्यात जास्त वेळ गेला, गुणाकार करायला पुरलाच नाही. दोन आठवड्यांनी पाकिटं उघडली. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांतल्या बहुतेकांचं भाकीत चुकलं होतं. एकाचं खरं ठरलं. वाचताना तो अडखळला आणि दोघं हसले. तो म्हणाला, "हसले, पण मग पुढचा परिच्छेद मीच वाचला."

आता खरा प्रश्न. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मेसेज पाठवायला कुणी नाही.' ती मी फळ्यावर घेतली नाही. अक्षर ओळखता येईल असं वाटतं. वह्यांशी ताडून बघू का?

उंबरठा
नको. नाव नको असं तुम्ही सांगितलं होतं.

मुठा_नव्हे_मूठ
पण मूल एकटं पडलंय. माझं असतं तर मला शोधलेलं हवं असतं.

दुसरीबाजू
दोघांचंही कळतं. त्या चिठ्ठीत जिवाच्या धोक्याचं काही असतं तर मी ताडून बघायला सांगितलं असतं, आणि तसं तुम्ही आधी वर्गाला सांगितलंही होतं. इथे तसं नाही. अक्षरावरून शोधलंत आणि ते मुलाला कळलं, तर ते पुन्हा लिहिणार नाही. उद्या सगळ्या वर्गाला सांगा, की एका चिठ्ठीवर मी बोलू शकले नाही, ती वाचली आहे, आणि अमुक वेळी मी वर्गात एकटी बसलेली असते. मग खरोखर तिथे बसा, कुणी आलं नाही तरी. त्याच काळात डोळे उघडे ठेवा, मधल्या सुट्टीत कोण एकटं असतं ते बघा. त्यासाठी अक्षर लागत नाही.

पाटीपेन्सिल
सांगितलं. मधली सुट्टी संपायच्या आधीची दहा मिनिटं. आज तिसरा दिवस, अजून कुणी आलेलं नाही. उद्याही बसतेय.